लेस्टरचं घर, गुहागरची बाग आणि आईचा वाटा

समजा आपल्या गुहागरचाच एक माणूस, वीस वर्षं लेस्टरला, आता कायमचा तिथलाच झालेला. मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, दोन मुलं आणि इकडे म्हातारी आई. तिकडे एकट्याच्या नावावर घर, कर्ज फेडून 4 लाख पौंडांचं, आणि इकडे स्वतःच्या कमाईने घेतलेली 40 गुंठे आंब्याची बाग. लोक विचारतात, पासपोर्ट ब्रिटिश होता ना, मग सगळं तिकडच्याच कायद्याने वाटणार ना? नाही हो. घर आणि जमीन जिथे आहे तिथला कायदा लागतो, पासपोर्ट कुठलाही असो.

बागेला लागणार हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956. त्यात बायको, मुलं आणि आई एकाच रांगेतले वारस, म्हणून चौघांना 10-10 गुंठ्यांएवढा सारखा हिस्सा. बाग वडिलोपार्जित असती तर हिशोब वेगळा झाला असता, आधी त्याचा स्वतःचा हिस्सा किती ते काढावं लागतं.

आता लेस्टरचं घर. तिथे इंग्लंडचा कायदा, आणि मुलं असली की त्यात आईला काहीच नाही. 2023 च्या जुलैपासून बायकोला आधी 3,22,000 पौंड मिळतात, उरलेल्याचे दोन भाग, एक तिचा, एक मुलांचा. बाकीची मिळकत बाजूला ठेवली, फक्त घर धरलं, तर उरले 78,000, म्हणजे बायकोला एकूण 3,61,000 आणि मुलांना प्रत्येकी 19,500. माउलीचा हिस्सा शून्य! आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की रत्नागिरीच्या बँकेतली त्याची एफडीसुद्धा तिकडच्याच कायद्याने जाते, कारण पैशासाठी माणूस कायमचा स्थायिक कुठे होता ते बघतात, बँक कुठे आहे ते नाही.

गोंधळ होतो तो इथे. तिकडच्या कोर्टाच्या कागदात बायको आणि मुलंच, तोच कागद घेऊन कुणीतरी तलाठ्याकडे जातं आणि वारस नोंदीत आईचं नाव राहून जातं. तो कागद बागेला चालत नाही. मृत्यूचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे तो खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का घेऊन आणा, अर्जात चारही वारस लिहा, आणि फेरफाराची नोटीस निघाली की ती स्वतः वाचा, आईचं नाव नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायच्या आधीच हरकत द्या. मंजूर झाली म्हणून आईचा हक्क जात नाही, सातबारा म्हणजे काही मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, पण मग दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो आणि ऐंशीच्या बाईला ते कुठे झेपणार.

जे हयात आहेत त्यांनी दोन्हीकडे वेगळं मृत्युपत्र करावं, मी सगळ्यांना हेच सांगतो. फक्त तिकडचा वकील सवयीने "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं वाक्य घालतो, त्याने इकडचंही मृत्युपत्र रद्द होऊ शकतं, तेव्हा "फक्त इंग्लंडमधल्या मिळकतीपुरतं" असं त्यात लिहून घ्या.