बिल भागलं, तरी बारा हजार अडकलेलेच
(सांगलीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कार्डच्या व्यवहारावर ‘पेंडिंग’ का दिसतं आणि शेवटी रक्कम वेगळी का निघते, हा आजचा विषय. पण आधी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, कारण त्या बारा हजारांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भाचा दोन रात्रींसाठी सहकुटुंब महाबळेश्वरला गेला. क्रेडिट कार्डची मर्यादा चाळीस हजार, आधीची खरेदी दहा हजारांची, म्हणजे तीस हजार शिल्लक. हॉटेलवाल्यांनी आल्या आल्या कार्ड घेतलं आणि बारा हजारांचा होल्ड टाकला. खोलीचे आठ हजार आणि वर खाण्यापिण्याचा अंदाज. यात गैर काहीच नाही. निघताना बिल झालं ९,३५०. काउंटरवरच्या मुलाने पुन्हा कार्ड मागितलं, यानेही दिलं. घाट उतरून साताऱ्यात गाडीला दोन टायर टाकायला थांबले, तर दहा हजारांना कार्ड नाकारलं! मुलं गाडीत उपाशी, बायको दुकानाच्या पायरीवर, आणि हा फोनवर. बँक म्हणते हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणतं बँकेला विचारा. तुमच्यापैकी किती जणांनी हे ऐकलंय? बघा, किती हात वर आले!

होल्ड म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. जागा धरली, बसलं कोणी नाही. मशीनमधून विचारणा हॉटेलच्या बँकेकडे, तिथून कार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते. तुमची बँक ‘हो’ म्हणते, एक मंजुरी क्रमांक देते आणि तेवढी मर्यादा बाजूला काढून ठेवते. पैसे अजून हॉटेलला गेलेले नसतात, म्हणून व्यवहार ‘पेंडिंग’ दिसतो. ते जातात नंतर, हॉटेल अंतिम रक्कम पाठवतं तेव्हा. त्या रकमेसोबत तोच मंजुरी क्रमांक आला की तुमची बँक दोन्हींची जोडी लावते, खरी रक्कम खात्यावर चढवते आणि होल्ड सोडते.

आता त्या मुलाने काय केलं ते लक्षात येईल. जुन्याच मंजुरीवर ९,३५० घ्यायचे, म्हणजे ‘प्री-ऑथ कम्प्लिशन’ करायचं, ते सोडून त्याने नवीन विक्री मारली. भाच्याच्या खिशात दोन स्लिपा होत्या, एकीवर PRE-AUTH, दुसरीवर SALE, आणि दोन्हींवर मंजुरी क्रमांक वेगळे. मी त्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि सगळा उलगडा झाला. देणं १०,००० अधिक ९,३५०, म्हणजे १९,३५०. चाळीस हजारांतून ते वजा केलं तर २०,६५० मोकळे हवेत. ॲपवर मात्र ८,६५०. फरक बरोबर बारा हजार! तुमचा हिशोब असा जुळेना, तर कुठेतरी होल्ड लटकलाय असं समजा.

तो सोडवायचा हॉटेलनेच. त्याच मंजुरी क्रमांकावर त्यांनी मशीनवरून होल्ड रद्द करायचा. नाहीतर मंजुरी क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून होल्ड नको असल्याचं पत्र बँकेला पाठवायचं. दोन्ही झालं नाही, तर होल्ड मुदत संपल्यावर आपोआप सुटतो. साध्या खरेदीत ती मुदत आठवडाभराची असू शकते, हॉटेलच्या होल्डला महिनाही लागू शकतो. डेबिट कार्डावर असं झालं तर अडकतात ते तुमचे स्वतःचे पैसे, म्हणून हॉटेलात शक्यतो डेबिट कार्ड देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, आणि मुख्य मुद्दा राहिलाच! तर रक्कम का बदलते? मोबाइलवर मेसेज येतो तो मंजुरीच्या वेळचा, स्टेटमेंटवर आकडा येतो तो नंतर आलेल्या अंतिम रकमेचा. हॉटेलचा होल्ड अंदाजाने जास्त असतो, म्हणून अंतिम आकडा बहुधा कमी निघतो. परदेशी चलनात उलटंही होतं. मंजुरीच्या दिवशीचा दर एक, हिशोब पक्का होतो त्या दिवशीचा दुसरा, आणि बँकेचं परकीय चलन शुल्क कधीकधी पहिल्या आकड्यात धरलेलंच नसतं. पेट्रोलला स्लिपेवर हजार, स्टेटमेंटवर सुमारे एक टक्का जास्त. तो इंधन अधिभार. बऱ्याच कार्डांवर तो परत मिळतो, त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही.

आणि एक. व्यवहार फसून पैसे कापले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानातल्या मशीनवरच्या व्यवहारात ते पाच दिवसांत परत यायला हवेत, नाहीतर रोजचे शंभर रुपये भरपाई. पण होल्ड हा फसलेला व्यवहार नव्हे, त्याला हा नियम लावून भांडू नका. तिथे हातात मंजुरी क्रमांक ठेवा आणि हॉटेलच्या मागे लागा. पेंडिंग असेपर्यंत बँक सहसा तक्रार नोंदवत नाही. चुकीची रक्कम खात्यावर चढली, की मात्र त्याच दिवशी लेखी हरकत घ्या आणि सोबत दोन्ही स्लिपा जोडा.