“अरे त्यात काय एवढं” म्हणायच्या आधी

(फोनवर लोकांचं ऐकून घेणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसमोर कोल्हापुरात केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. उशीर झाला, दसरा चौकात अडकले होते, चहा झाला असेल तर सुरू करूया.

आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. समोरच्यानं पहिलं वाक्य टाकलं की तुम्ही काय बोलता, तेवढंच. कारण पुढचा अर्धा तास कसा जाणार हे बऱ्याचदा तिथंच ठरतं, आणि आपण कोल्हापूरकर नेमकं तिथंच गडबड करतो. आपल्याला कुणी अडचण सांगितली की सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, गंगावेशीत दूध प्यायला उभं राहिलं तरी शेजारचा माणूस आपल्या गुडघेदुखीवर औषध सांगून जातो. प्रेमच असतं ते, पण फोनवर ते अंगाशी येतं.

एक फोन सांगते. तपशील मी बदललेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसणारा मुलगा, राज्यसेवेची तयारी करतोय, तिसरी खेप. रात्री साडेदहाला फोन. म्हणाला, “मॅडम, पूर्वला परत दोन मार्कांनी गेलं. घरी सांगितलं नाही अजून.”

एवढंच बोलला आणि थांबला. आता सरावात हाच फोन मी नव्या मुलांना देते तेव्हा दहातले आठ जण काय म्हणतात सांगू? “अरे बाळा, दोन मार्क म्हणजे काहीच नाही, पुढच्या वेळी नक्की निघेल, आणि घरी सांगून टाक बघू, आई-वडील समजून घेतात, माझा भाचा पण चौथ्या वेळी लागला, आता तहसीलदार आहे.” एका दमात. यात वाईट काय आहे? एकेक शब्द घेतला तर काहीच नाही. पण बघा, त्यानं दोन वाक्यं टाकली आणि आपण पाच टाकली, म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे उलटं झालं. शिवाय त्याच्या पुढ्यात आता तीन कामं आली, भाच्याचं कौतुक करायचं, सल्ला पटला असं म्हणायचं आणि घरी सांगायचं कबूल करायचं. तो “हो मॅडम, थँक्यू” म्हणतो आणि फोन ठेवतो, आणि आपल्याला वाटतं छान झाला कॉल.

आणि ते “बाळा” पण. अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात बाळ केलं की तुम्ही मोठे झालात, आणि मोठ्यांचं ऐकायचं असतं. तो तेवीस वर्षांचा आहे, तो स्वतः ‘अरे’वर येत नाही तोवर ‘तुम्ही’च म्हणा.

त्या रात्री जी ताई फोनवर होती ती म्हणाली, “दोन मार्कांनी. आणि घरी अजून माहीत नाही... यातलं काय बोलावंसं वाटतंय आत्ता?”

बास. त्याचेच शब्द परत दिले, स्वतःचं विशेषण एकही घातलं नाही, म्हणजे “किती वाईट” नाही की “तुम्ही निराश असाल” नाही, कारण तो निराश आहे का घाबरलाय का चिडलाय हे अजून आपल्याला ठाऊकच नाही. आणि दोन धागे होते, मार्क आणि घर, त्यातला एक तिनं निवडला नाही. आपण बहुतेक जण ‘घर’ पकडतो, कारण आपल्याला तिथं काहीतरी करता येईल असं वाटतं.

आता प्रश्नाकडे या. मराठीत हा “-वंसं वाटतंय” फार कामाचा आहे. “सांगा” म्हटलं की आज्ञा होते, “का नाही सांगितलं?” म्हटलं की चौकशी होते, आपल्याकडे ‘का’ हा शब्द शाळेपासून दम देतानाच ऐकलेला असतो त्यामुळं माणूस लगेच सफाई द्यायला लागतो. “काय बोलावंसं वाटतंय” यात बोलायचं की नाही, कुठून बोलायचं, सगळं त्याच्या हातात. आणि “आत्ता” मुळं तो सगळी जन्मकहाणी सांगायला बांधलेला नाही.

प्रश्न एकच विचारा. “कसे आहात, झोप लागते का, घरी कोण कोण असतं” असं तिहेरी टाकलं की माणूस सगळ्यात सोपा निवडतो, “आई, बाबा, दादा”, आणि तुमचा फॉर्म भरायला सुरुवात होते. आणि आपल्याकडचा खास, “बाकी सगळं बरं हाय न्हवं?” हा प्रश्नच नाही ओ, हा दरवाजा लावून घेणं आहे, याला “हो” शिवाय उत्तर देता येत नाही.

कुणीतरी म्हणेल, असं मोकळं सोडलं तर तासभर बोलत बसतील. ही भीती डॉक्टर लोकांनाही असते. 1984 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पेशंटला डॉक्टर सरासरी 18 सेकंदात मध्येच थांबवतात असं दिसलं होतं. मग 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगितलं, पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, आणि घड्याळ लावलं. सरासरी निघाली 92 सेकंद, चारातले तीन पेक्षा जास्त लोक दोन मिनिटांच्या आत संपले. आता ती ओपीडी होती, आपला रात्रीचा फोन वेगळा असतो, लांबतो कधी कधी. पण मला सांगायचंय ते एवढंच की माणूस अखंड बोलत राहील हे आपल्या डोक्यातलं भूत आहे.

छोटं म्हणजे कोरडं नाही हं. “बरं, मग?” हेही छोटंच आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून त्याचा एखादा तरी शब्द परत यायला पाहिजे, नाहीतर ऐकलं का नाही हेच त्याला कळत नाही. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात, दोन सेकंद शांतता झाली की “म्हणजे नाही सांगितलं तरी चालेल, मी आपलं सहज...” असं सुरू करतात आणि स्वतःचाच प्रश्न मागे घेतात.

आता अपवाद. कुणी विचारलं की सरकारी मानसोपचाराचा फोन नंबर काय, तर “तुम्हाला काय वाटतं” करू नका, 14416 सांगा, टेली-मानस, ते काम तिथं संपलं. आणि बोलण्यात “आता नको झालंय सगळं”, “माझ्याशिवाय बरं होईल त्यांचं” असं काही आलं तर गोल गोल मोकळे प्रश्न बाजूला ठेवायचे आणि सरळ विचारायचं, “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्यानं डोक्यात घातलं जात नाही, ही भीती काढून टाका. तिथं हो-नाहीचाच प्रश्न लागतो.

(मागून एकानं विचारलं, त्या मुलाचं पुढं काय झालं.)

सांगते. ताईनं प्रश्न विचारला आणि नऊ-दहा सेकंद काहीच नाही, मागं पंख्याचा आवाज फक्त. मग म्हणाला, “घरी सांगितलं नाही म्हणजे... घरी मी सांगितलंय की निघाली. पूर्व निघाली म्हणून. बाबांनी उसाच्या बिलातनं मुख्यच्या क्लासचे पैसे पाठवलेत मॅडम.”

ताई म्हणाली, “निघाली असं सांगितलंय, आणि पैसेही आलेत.” आणि परत गप्प. पुढची वीस मिनिटं तोच बोलत होता.

चला, आता जोड्या करा, एकानं मुलगा व्हायचं.