पाय जागेवर, पावलं चालू

एका सकाळी मी आठ मिनिटं ओट्यापाशी उभा राहून कणीक मळली. मळायच्या आधी मनगटावरच्या, पावलं मोजणाऱ्या घड्याळावर १,१४० पावलं होती आणि हात धुऊन पाहिलं तर १,५५२ झाली होती. म्हणजे ४१२ पावलं वाढली, आणि खरी पावलं डब्यापर्यंत जाऊन परत येण्याची, फार तर दहा. न चालता पावलं कशी वाढतात, हा प्रश्न मी त्यानंतर सोडला नाही. पुढचे काही आठवडे मी प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर आकडा लिहून ठेवला. आज जे सांगतो आहे ते त्या वहीतून आलेलं आहे.

मनगटावरच्या घड्याळाला आपला पाय दिसत नाही. त्याच्या पोटात एक छोटा संवेदक असतो, त्याला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. तो तीन दिशांतला वेगबदल सेकंदाला अनेक वेळा टिपतो. आपण सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. प्रत्येक पावलाला शरीराला हलका धक्का बसतो आणि तो मनगटापर्यंत पोचतो. घड्याळ या ठरावीक ठेक्यातले चढउतार शोधतं. ते पुरेसे मोठे असले आणि काही वेळ एकामागून एक येत राहिले, तर त्यांना पावलं म्हणतं. ‘काही वेळ’ हा भाग महत्त्वाचा आहे. बरीच उपकरणं पहिल्या एकदोन धक्क्यांवर विश्वास ठेवत नाहीत. सलग आठदहा आले की मगच ते सगळे एकदम जमा करतात. म्हणून नुसता हात उचलून केस सावरले तर आकडा हलत नाही, आणि मळायला लागलं की पळायला लागतो.

मळताना तळहात दाबून पुढे जातो आणि मागे येतो. मी मिनिटाला सुमारे सत्तर वेळा हे करत होतो. पण एका फेरीत दोन धक्के असतात, एक ढकलताना आणि एक ओढताना. सत्तर फेऱ्यांचे १४० धक्के होतात, म्हणजे भराभर चालण्याचा ठेका. शिवाय दाबताना हात वरखाली होतो, तो चढउतार सरळ गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत पडतो आणि संवेदकाला ठळक दिसतो.

याच्या उलट, भांड्यात डावानं ढवळणं. मला वाटलं होतं तेही तेवढंच फसवेल. दहा मिनिटं ढवळलं आणि ३५ पावलं वाढली. कारण विचार केल्यावर कळलं. गोल फिरणारा हात आडव्या पातळीत एकसारखा फिरतो, त्यामुळे वेगबदलाची दिशा बदलत राहते, पण त्याचा जोर फारसा कमीजास्त होत नाही. एकूण जोरातले चढउतार पाहणाऱ्या गणिताला तिथे टेकडी सापडत नाही. भाजी चिरणं या दोन्हींच्या मधे बसतं. सुरीचा हात वरखाली होतो खरा, पण माणूस चारसहा काप काढून थांबतो, फोडी बाजूला सारतो, आणि सलगपणा तुटतो.

आता वाहन. पुष्कळांना वाटतं की इंजिनाच्या थरथरीमुळे पावलं वाढतात. दुचाकीचं एका सिलिंडरचं इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला १,४०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर ती थरथर सेकंदाला तेवीसच्या आसपास होते. चालण्याच्या ठेक्यापेक्षा ती फार जलद आहे आणि घड्याळ ती बहुतेक गाळून टाकतं. खरा गुन्हेगार रस्ता आणि स्प्रिंग यांची जोडी आहे. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा डुलतो, दुचाकीचा बहुधा थोडा जलद. माणसाला सुखाचा वाटावा म्हणूनच हा डोल तसा ठेवलेला असतो, आणि तो चालण्याच्या ठेक्याच्या अगदी शेजारी येतो. खडबडीत रस्त्यावर तो सतत जागा होत राहतो. दुचाकीवर तर हात थेट हँडलला धरलेले असतात.

माझा दुचाकीवरचा नेहमीचा रस्ता नऊ किलोमीटरचा आहे आणि त्याला सव्वीस मिनिटं लागतात. एका फेरीवर निष्कर्ष काढू नये, म्हणून मी प्रत्येक प्रकारे तीन तीन फेऱ्या केल्या आणि मधला आकडा घेतला. उजव्या मनगटावर, जरा सैल पट्ट्यानं, ६४० पावलं. पट्टा एक भोक घट्ट केला, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर सरकवलं, तर ५१०. सैल घड्याळ हातापासून वेगळं उडतं आणि एका खड्ड्याचे दोन धक्के होतात, ते यानं थांबलं. डाव्या हातावर बांधलं तेव्हा ४३०. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर धरून सतत काम करत असतो, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

यानंतर अ‍ॅपमधली सेटिंग. फिटबिटसारख्या काही बँडांत कोणत्या हातावर बांधलंय ते विचारतात, `Dominant` किंवा `Non-dominant`. आपण ज्या हातानं जास्त कामं करतो तो पहिला पर्याय. तो निवडला की घड्याळ कमी संवेदनशील होतं आणि लहान धक्के सोडून देतं. डाव्या हातावर असूनही मी मुद्दाम तो निवडला आणि तोच रस्ता २१० वर आला. मला आनंद झाला, पण इथेच थांबलो असतो तर चूक झाली असती.

कारण त्याच सेटिंगवर मी तोंडानं मोजत ५०० पावलं चाललो. आधी घड्याळ ५०७ दाखवत होतं, आता ४८८. एवढा फरक खपून जाईल. मग ट्रॉली ढकलत ३०० पावलं चाललो. आधी १७० मोजली जायची, आता ९६. दोन्ही हात ट्रॉलीवर स्थिर असले की मनगटाला धक्का कमीच मिळतो, आणि संवेदनशीलता उतरवल्यावर तेवढाही ऐकू येत नाही. हात धरून हळू चालणाऱ्या वयस्कर माणसाचं असंच होतं. खोटी पावलं हाकलताना खरीही बाहेर जातात. ज्यांचं बरंचसं चालणं हळू असतं, त्यांनी ही सेटिंग बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी शेवटी सेटिंग परत फिरवली, पट्टा घट्टच ठेवला आणि स्वयंपाक करताना घड्याळ काढून ठेवायला लागलो. वाहनावर मात्र काढून बॅगेत टाकणं पुरेसं नाही. बॅगही स्प्रिंगवरच डुलत असते. ज्या घड्याळांना आपण मनगटावर नाही हे कळतं ती थांबतात, बाकीची मोजत राहतात. खिशातला फोनही दुचाकीवर पावलं जमा करतो, म्हणून दोन्हींची बेरीज एका अ‍ॅपमध्ये येत असेल तर तिथे एकच स्रोत ठेवावा. काही अ‍ॅपांत वाहन चालवल्याची नोंद करता येते आणि तेवढ्या वेळाची पावलं वजा होतात. सायकलिंगचा व्यायाम सुरू करूनही अनेक घड्याळांत पावलं थांबतात, पण मग न केलेल्या नऊ किलोमीटर सायकलिंगचे कॅलरी आकडे नोंदीत बसतात. एक खोटं घालवून दुसरं आणण्यापेक्षा मी ती युक्ती टाळतो.

आपल्या घड्याळात किती खोटं मिसळतंय ते पाहायचं असेल तर दिवसाची बेरीज उपयोगाची नाही. अ‍ॅपमध्ये मिनिटागणिक किंवा पंधरा मिनिटांचा आलेख उघडा. चालणं तिथे सलग उभं राहतं, मिनिटाला शंभराच्या आसपास, आणि हृदयाचे ठोके त्याच्याबरोबर वर चढतात. रस्त्याचा डोल तुटक दिसतो. एका मिनिटात साठ, पुढच्यात शून्य, मग पंचवीस, आणि ठोके बसल्यासारखेच. मळण्याचा आलेख जास्त फसवा असतो, तो सलग असतो आणि जोर लावल्यानं ठोकेही थोडे चढतात. तिथे घड्याळ पाहू नका. त्या वेळी आपण ओट्यापाशी होतो की रस्त्यावर, हे आपल्यालाच आठवायला हवं.