दिवसाचे तास आणि एका बैठकीची मिनिटं

(पुण्यात पालक आणि अकरावी-बारावीच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, यूट्यूबवरच्या एकाच गोष्टीबद्दल बोलतो: आपण ठरवलेली मिनिटं बघून झाली की 'आता थांबा' असं सांगणारी विश्रांतीची सूचना. कारण घराघरांतले वाद तिथूनच सुरू होतात. आई म्हणते, "रोज अडीच तास बघतेस." मुलगी म्हणते, "मग मला विश्रांतीची सूचना एकदाही कशी आली नाही?" दोघीही खरं बोलत असतात.

समजा, मुलीने सूचना तीस मिनिटांवर लावली आहे. सकाळी वीस मिनिटं बघून तिने ॲप बंद केलं, कॉलेजला जाताना पीएमटीत पंचवीस, दुपारी जेवताना पुन्हा पंचवीस. असं रात्रीपर्यंत सहा-सात वेळा झालं. बेरीज अडीच तास, सूचना शून्य. कारण हे घड्याळ दिवस मोजत नाही, सलग बैठक मोजतं. ॲप बंद केलं, फोन सोडून टॅबवर गेलं किंवा व्हिडिओ अर्ध्या तासाहून जास्त थांबवून ठेवला, की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आलेली सूचना बाजूला सारली तरी तेच. तुकड्यातुकड्यांनी बघणाऱ्याला ही सूचना जवळजवळ भेटतच नाही, आणि आपली मुलं बघतात ती अशीच.

दिवसाची बेरीज यूट्यूबच्या खात्यात वेगळ्या ठिकाणी असते. आज, काल, गेले सात दिवस आणि रोजची सरासरी तिथे दिसते. ती खात्याच्या पाहण्याच्या इतिहासातून काढतात, त्यामुळे हॉलमधल्या टीव्हीवर तेच खातं असेल तर ती मिनिटंही धरली जातात. पण इतिहास थांबवला, पुसला किंवा इन्कॉग्निटोत पाहिलं, तर ती मिनिटं त्यात येत नाहीत. मुलाचा आकडा अचानक निम्म्यावर आला तर शाबासकी देण्याआधी इतिहास चालू आहे का, ते बघा.

आपल्याकडे याहून नेहमीचा घोळ म्हणजे आईच्या खात्यावर बघणारा मुलगा. तेरा ते सतरा वयाच्या खात्यांवर विश्रांतीची आणि झोपेची सूचना आपोआप चालू असते. आईच्या खात्यावर ती तशी नसते, आणि त्याची मिनिटं आईच्या नावावर जमा होतात. मला हे फार खटकतं. ज्याच्यासाठी ही सोय केली, तोच तिच्याबाहेर राहतो.

झोपेच्या सूचनेत सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन वेळा द्याव्या लागतात. तिथेच व्हिडिओ संपेपर्यंत थांबण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल आणि दहाला पाच कमी असताना तासाभराचं लेक्चर लावलं, तर दहाची सूचना अकराच्या सुमारास येते. मोठे व्हिडिओ बघणाऱ्यांनी तो बंद ठेवावा.

घरी गेल्यावर मुलांनी स्वतःच्या खात्यात जाऊन सात दिवसांची सरासरी आई-बाबांना दाखवा. ती मोठी असेल आणि सूचना येतच नसेल, तर तिची वेळ पंधरा मिनिटांवर आणा. तुमच्या बैठकीपेक्षा ती लहान असली तरच वाजेल.