बाटलीतले पाणी आणि उत्तराचा ताळा

[दृश्य: स्टुलाच्या कडेवर ठेवलेली पारदर्शक बाटली, तळाजवळच्या छिद्रावर बोट]

ही बाटली सरळ भिंतींची आहे आणि तिच्या तळाजवळ सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडलेले आहे. बाहेरून चिकटवलेल्या कागदी पट्टीचे शून्य बाटलीच्या बुडाशी नाही, ते छिद्राच्या मध्याशी आहे, कारण धारेचा वेग ठरतो तो छिद्राच्या वर असलेल्या पाण्यामुळे. पाणी आता २५ सेंटिमीटरच्या रेषेवर आहे. बोट निघते आणि घड्याळ सुरू होते.

[दृश्य: धार, नंतर पट्टीवरून उतरणारी पाण्याची पातळी]

धार सुरुवातीला लांब पडते आणि पातळी उतरत जाते तशी स्टुलाकडे सरकत येते. पहिल्या २० सेकंदांत पातळी २५ वरून १६ वर आली, म्हणजे ९ सेंटिमीटर उतरली. पुढच्या २० सेकंदांत ती ९ च्या आसपास पोहोचली, म्हणजे ७ उतरली, आणि त्यानंतरच्या २० सेकंदांत ४ वर, म्हणजे फक्त ५. पाणी जितके कमी, तितके त्याचे उतरणे मंद. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या एव्हांजेलिस्ता टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा नियम दिला आहे: छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून खाली पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो, म्हणजेच तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. बाटलीचा छेद सगळीकडे सारखा असल्यामुळे पातळी उतरण्याचा दरही त्याच प्रमाणात बदलतो. भांडे नरसाळ्यासारखे असते, तर हे दुसरे वाक्य खरे ठरले नसते आणि समीकरणही वेगळे झाले असते.

[दृश्य: फळा, खडूने लिहिणारा हात]

उंची h सेंटिमीटरमध्ये आणि काळ t सेकंदांत घेतला, तर फळ्यावरचे अवकल समीकरण आणि त्याची प्रारंभिक अट अशी आहे:

dh/dt = −(1/10)√h,  h(0) = 25

1/10 हा स्थिरांक छिद्राच्या आणि बाटलीच्या मापांवर अवलंबून असतो. तो आधीच्या एका खेपेत मोजून घेतला होता. त्या खेपेचे चित्रण केलेले नाही.

उजव्या बाजूला फक्त h आहे, त्यामुळे चल वेगळे करणे सोपे जाते. दोन्ही बाजूंना √h ने भागून h चे सर्व काही डावीकडे आणि t चे उजवीकडे नेले, की dh/√h = −dt/10 असे रूप मिळते. भागण्यापूर्वी मात्र h शून्य नाही हे गृहीत धरावे लागते. फळ्याच्या कोपऱ्यात हाताने 'h ≠ 0' असे लिहून त्याभोवती चौकट केलेली दिसते. ती चौकट लक्षात ठेवावी, कारण शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे. आता दोन्ही बाजूंचे समाकलन केले, की व्यापक उत्तर मिळते:

2√h = −t/10 + C

[दृश्य: तोच हात, घाईने, मग खोडलेली ओळ]

येथे जी चूक चित्रित झाली, ती आम्ही मुद्दाम कापलेली नाही. हाताने आधी वर्ग केला, h = (C/2 − t/20)² असे लिहिले आणि मग t = 0, h = 25 ही अट लावली. त्यामुळे C च्या दोन किमती आल्या, 10 आणि −10. उणे किंमत घेतली, तर h = (5 + t/20)² हे सूत्र मिळते. त्यात t = 0 ठेवून पाहा: उत्तर बरोबर 25 येते. अट पाळली गेली आहे, आणि बरेच जण येथेच 'पडताळा मिळाला' असे लिहून पुढे जातात. पण हे सूत्र सांगते की छिद्र उघडल्यावर बाटलीतले पाणी चढत जाते.

म्हणून अट वर्ग करण्याआधीच लावणे बरे. 2√h = −t/10 + C मध्ये t = 0 ठेवले, की डावीकडे 2 × 5 = 10 येते आणि C = 10 ही एकच किंमत उरते. मग √h = 5 − t/20 आणि विशेष उत्तर असे होते:

h = (5 − t/20)²

[दृश्य: फळ्याचा उजवा भाग, दोन स्तंभ]

आता ताळा. तो दोन ठिकाणी पाहावा लागतो आणि एका ठिकाणी जमला म्हणून दुसरे ठिकाण सोडता येत नाही. प्रारंभिक अट पाळली जाते, हे तर लगेच दिसते. समीकरणासाठी उत्तराचे अवकलन करावे: dh/dt = 2(5 − t/20)(−1/20) = −(1/10)(5 − t/20). समीकरणाच्या उजव्या बाजूला √h च्या जागी 5 − t/20 ठेवले, की हेच मिळते. खोडलेल्या सूत्राला हीच कसोटी लावली असती, तर t = 0 पाशी अवकलज +1/2 आला असता, समीकरणाला मात्र −1/2 हवे आहे; चूक एका ओळीत उघडी पडली असती.

एक गोष्ट मात्र येथे गुपचूप मान्य केली गेली. (5 − t/20)² चे वर्गमूळ 5 − t/20 असते, ते कंसातली संख्या उणे नसेल तोवरच. t = 100 नंतर ती उणे होते, वर्गमूळ t/20 − 5 होते आणि समीकरणाच्या दोन बाजू चिन्हाने उलट होतात. त्यामुळे हे सूत्र 0 पासून 100 सेकंदांपर्यंतच उत्तर आहे. १२० सेकंदांना ते पाणी १ सेंटिमीटरवर परत आल्याचे सांगते.

[दृश्य: पट्टीचा खालचा भाग, धार तुटून थेंब पडू लागतात]

पट्टीवर १ सेंटिमीटरच्या खाली मोजमाप सूत्राशी नीट जुळत नाही, कारण पाणी छिद्राच्या वरच्या कडेपाशी आले, की धार तुटते आणि पृष्ठताणामुळे थेंब अडखळत पडतात. हा दोष समीकरणाच्या गृहीतकांचा आहे, ते सोडवण्याचा नाही. पट्टीवरचा ताळा आणि फळ्यावरचा ताळा या वेगळ्या गोष्टी आहेत.

[दृश्य: छिद्रापर्यंत रिकामी झालेली बाटली, स्थिर चौकट]

१०० सेकंदांनंतरचे उत्तर कोपऱ्यातल्या त्या चौकटीत आहे. √h ने भागताना आपण h = 0 वगळले होते, पण समीकरणात ते ठेवून पाहिले, तर दोन्ही बाजू शून्य येतात, म्हणजे तेही उत्तरच आहे. t = 100 पाशी आपल्या सूत्राची किंमत शून्य आहे आणि अवकलजही शून्य आहे, त्यामुळे दोन तुकडे न अडखळता जोडले जातात: आधी (5 − t/20)², नंतर 0. छिद्राच्या पातळीपर्यंत रिकामी झालेली ही बाटली दहा मिनिटांनी पाहिली, तर ती केव्हा रिकामी झाली हे याच समीकरणावरून मागे जाऊन काढता येत नाही, कारण वेगवेगळ्या वेळी शून्याला पोहोचलेली सर्व उत्तरे त्या क्षणी एकच असतात.