ढिली वायर आणि पेन्सिलीच्या सहा खुणा

(शाळांच्या रोबोटिक्स प्रयोगशाळा चालवणाऱ्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज एक गोष्ट सांगतो. गोष्टीपुरतं मुलीचं नाव मुक्ता ठेवू. नाव कल्पित आहे, पण तिचा रोबोट तुमच्या प्रत्येकाच्या प्रयोगशाळेत आहे.

रोबोट अगदी नेहमीचा. आर्डुइनो उनो, मोटरसाठी एल२९८एन ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ मोटर, पुढे एक कॅस्टर चाक आणि ७.४ व्होल्ट देणारे दोन लिथियम सेल. खाली इन्फ्रारेड सेन्सरची दोन मॉड्यूल, कागदापासून साधारण एक सेंटिमीटर उंचीवर. पांढऱ्या कार्डशीटवर इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी टेप चिकटवून पट्टी केलेली. ही टेप सुमारे १८ मिलिमीटर रुंद असते आणि दोन्ही सेन्सर तिच्या दोन बाजूंना, पांढऱ्यावर राहतात. प्रोग्रामचा नियम सोपा: दोघांनाही पांढरं दिसलं तर सरळ, डाव्याला काळं दिसलं तर डावीकडे, उजव्याला दिसलं तर उजवीकडे.

पहिल्या दिवशी रोबोट अर्धी पट्टी गेला आणि डावं वळण सोडून सरळ टेबलाच्या कडेला. मुक्ताने जे केलं ते सगळेच करतात. प्रोग्राम उघडला आणि मोटरचा वेग १५० वरून १३० केला. अपलोड केलं, रोबोट खाली ठेवला, तर पूर्ण फेरी! वेगच जास्त होता म्हणायचा. दोन फेऱ्यांनी पुन्हा तेच. मग वेग ११०, वळणाचा वेळ थोडा वाढवला, पुन्हा अपलोड, पुन्हा एक सुरेख फेरी, पुन्हा घसरण. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही सेन्सरचे निळे पोटेन्शियोमीटर फिरवून झाले. चार दिवसांत तिने सात बदल केले आणि प्रत्येक बदल थोडा वेळ ‘लागू पडला’.

इथे जरा थांबू या, कारण फसगत इथेच आहे. अपलोड करताना आपण काय करतो? रोबोट उचलतो, उलटा धरतो, यूएसबी केबल खुपसतो, बोटांनी वायरी बाजूला सारतो. त्या हाताळणीत ढिली पडलेली वायर पुन्हा जागेवर दाबली जाते. रोबोट चालतो तो त्या दाबामुळे, आणि श्रेय मिळतं नव्या ओळीला. मोटरच्या हादऱ्यांनी वायर पुन्हा सैल होईपर्यंत आपल्याला वाटतं की उपाय सापडला.

दुसरी फसगत सेन्सरच्या दिव्याची. मॉड्यूलवर एक छोटा दिवा असतो, पांढऱ्यावर लागतो आणि काळ्यावर विझतो. मुक्ताने रोबोट हातात धरून टेपवर पुढेमागे केला. दोन्ही दिवे अचूक वागले, म्हणून सेन्सर ठीक असा निकाल तिने दिला. पण तो दिवा मॉड्यूलवरच्या कंपॅरेटरने काय ठरवलं एवढंच सांगतो. तो निर्णय तिसऱ्या वायरीने आर्डुइनोपर्यंत पोचला की नाही, हे त्या दिव्याला माहीत नसतं. वीज आणि ग्राउंडच्या वायरी घट्ट असतील आणि फक्त आउटपुटची सुटली असेल, तर दिवा खुशाल बरोबर चालतो.

पाचव्या दिवशी तिने प्रोग्राम उघडलाच नाही, पेन्सिल घेतली. काही न बदलता, वायरींना हात न लावता दहा फेऱ्या. रोबोट जिथे पट्टी सोडेल तिथे कागदावर खूण आणि फेरीचा क्रमांक. चार फेऱ्या पूर्ण झाल्या, सहा फसल्या. सहा खुणा सहा ठिकाणी. कुठे डावं वळण चुकलं, तर एकदा सरळ पट्टीवरच रोबोटने डावीकडे झटका घेतला. उजवी वळणं मात्र दहाही फेऱ्यांत बिनचूक.

हा कागद नीट वाचता आला पाहिजे. वेग जास्त असेल किंवा प्रोग्रामची अट चुकली असेल, तर रोबोट बहुधा त्याच वळणावर, त्याच पद्धतीने चुकतो. इथे जागा बदलते आहे, म्हणजे संशय जोडणीवर. बाजू मात्र बदलत नाही, म्हणजे डाव्या सेन्सरची वाट.

एकच वायर दोन उलट चुका कशा करते? पिन नुसती `INPUT` ठेवली आणि वायर सुटली, तर ती पिन अधांतरी राहते. शेजारून मोटरच्या वायरी जातात, त्यांचा गोंगाट ती पकडते आणि कधी ० तर कधी १ वाचते. काळं असताना ० वाचला तर वळण चुकतं, पांढरं असताना १ वाचला तर झटका बसतो. `INPUT_PULLUP` लिहिलं की आर्डुइनोच्या आतला रोध पिनला वर धरून ठेवतो. मग सुटलेली वायर नेहमी १, म्हणजे ‘काळं’ दाखवते. रोबोट तरीही बिघडतो, पण डावीकडे गोल फिरत बिघडतो. असा बिघाड लगेच ओळखू येतो.

मुक्ताने मोटरची बॅटरी बंद केली, दोन्ही सेन्सरखाली पांढरा कागद ठेवला आणि यूएसबीवर हा छोटा प्रोग्राम चढवला. डावा सेन्सर पिन २ वर होता.

```
void setup() {
  Serial.begin(9600);
  pinMode(2, INPUT_PULLUP);
}
void loop() {
  if (digitalRead(2) == HIGH)
    Serial.println(millis());
}
```

खाली पांढरं असेपर्यंत सिरियल मॉनिटर कोरा राहायला हवा. राहिला. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक वायर हलकेच ढकलायला सुरुवात. आर्डुइनोच्या बाजूची टोकं ढकलली, काही नाही. सेन्सरच्या बाजूची पिवळी वायर ढकलली आणि पडद्यावर आकड्यांची रांग लागली.

तिने ती वायर काढून मल्टिमीटरच्या बझरवर तपासली. बीप आला! बरेच जण इथे गोंधळतात आणि तीच वायर परत लावतात. वायर आतून तुटलेली नव्हतीच. जंपर वायरच्या काळ्या प्लास्टिक टोपीत पत्र्याची बारीक पकड असते. वारंवार घातल्या-काढल्याने ती फाकते. मल्टिमीटरची टोकदार सळई दाबून धरली की संपर्क होतो, सेन्सरच्या बारीक पिनवर मात्र ती सैल बसते. म्हणून वायर जागेवर ठेवूनच मोजायचं: वीज बंद, एक सळई मॉड्यूलच्या पिनच्या सोल्डरवर, दुसरी आर्डुइनो बोर्डाच्या खालच्या बाजूला पिन २ च्या सोल्डरवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी वायर हलवायला सांगायची. तसं केल्यावर बीप तुटक यायला लागला.

पकड फाकली कशाने, हेही बघायला हवं. वायर आखूड होती, चासीखालून ताणून नेलेली, आणि कॅस्टर वळताना तिला घासत होता. नुसती नवी वायर टाकली असती तर काही दिवसांनी हीच गोष्ट पुन्हा. मुक्ताने थोडी लांब वायर घेतली, कॅस्टरपासून दूर नेली, सेन्सरजवळ एक सैल वेटोळं ठेवलं आणि टोपीवर हॉट ग्लूचा थेंब टाकला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं, पण चुकवता न येणारं. चार दिवसांत केलेले सातही बदल एकेक करून मागे घेतले. वेग पुन्हा १५०, वळणाचा वेळ मूळचा. पोटेन्शियोमीटर नव्याने लावले: सेन्सर टेपवर धरून दिवा विझेपर्यंत, मग पांढऱ्यावर नेऊन तो पक्का लागतो का ते पाहून. `INPUT_PULLUP` तेवढं ठेवलं.

नवा कागद, पुन्हा दहा फेऱ्या. नऊ पूर्ण. दहावी उजव्या वळणावर फसली, आणि ती खूण होती खिडकीतून आलेल्या दुपारच्या उन्हाच्या पट्ट्यात. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यामुळे काळी टेपही सेन्सरला पांढरी वाटते. मुक्ताने पडदा ओढला आणि कागदावर अकरावा आकडा लिहिला.