सात थांबे, एक फेरा

श्रोते हो, नमस्कार. आज थोडी बेरीज करायची आहे, म्हणून जवळ कागद आणि पेन असेल तर हाताशी घ्या. आकडे लहानच आहेत, आणि मी ते सावकाश सांगणार आहे.

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानातून छोटा हत्ती माल घेऊन निघतो असं समजा. सात दुकानांना माल द्यायचा आहे: बर्डी, सदर, धरमपेठ, प्रतापनगर, मानेवाडा, सक्करदरा आणि जरीपटका. सगळीकडे माल उतरवून गाडी परत इतवारीत यायची. कोणाकडे आधी आणि कोणाकडे नंतर गेलं म्हणजे एकूण किलोमीटर सगळ्यात कमी होतील, एवढाच प्रश्न.

वाटतो सोपा. पण पहिला थांबा सातांपैकी कोणताही घेता येतो, दुसरा उरलेल्या सहांपैकी, तिसरा पाचांपैकी. हा गुणाकार शेवटपर्यंत नेला की ५,०४० क्रम निघतात. सुलटा फेरा आणि उलटा फेरा एकच धरला तरी २,५२० उरतात. थांबे दहा झाले की हाच गुणाकार छत्तीस लाखांच्या वर जातो, आणि पंधरा झाले की एक लाख तीस हजार कोटींच्या पलीकडे. म्हणून एकेक क्रम तपासत बसणं इथे उपयोगाचं नाही. गणितात याला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. १९५४ साली डँटझिग, फल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांचा सगळ्यात छोटा फेरा सिद्ध करून दाखवला, तेव्हा ती मोठीच गोष्ट ठरली होती. आपल्याला सिद्ध काही करायचं नाही. चांगला क्रम सापडला की झालं.

सुरुवात अंतरांच्या तक्त्यापासून करायची. दुकान धरून आठ जागा आहेत, म्हणजे अठ्ठावीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीतलं अंतर रस्त्याने किती, ते लिहायचं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर नागपुरात फार फसवतं. इतवारी आणि बर्डी यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात, आणि ते ओलांडायला रामझुला, लोहापूल अशा ठरावीकच जागा आहेत. रुळांच्या दोन बाजूंची दुकानं पट्टीने शेजारी दिसतात, गाडीला मात्र पुलापर्यंत जाऊन परत यावं लागतं. नाग नदीच्या दोन काठांचंही तसंच. म्हणून अंतर फोनवरच्या नकाशातून गाडीच्या रस्त्याने घ्यायचं, किंवा गाडीच्या मीटरवरून. मी आज जे आकडे सांगणार आहे ते हिशोब तोंडी करता यावा म्हणून पूर्ण किलोमीटरमध्ये धरलेले आहेत. तुमच्या दुकानाच्या दारापासून ते थोडे वेगळे येतील.

आता बहुतेक ड्रायव्हर जे आपसूक करतात तेच आधी करू. जिथे उभे आहोत तिथून सगळ्यात जवळचा जो थांबा उरला असेल, तिकडे जायचं. इतवारीहून सगळ्यात जवळ बर्डी, ३ किलोमीटर. बर्डीहून सदर २. सदरहून धरमपेठ ३. धरमपेठहून प्रतापनगर ४. तिथून मानेवाडा ७. मानेवाड्याहून सक्करदरा ३. आता एकटा जरीपटका उरला, शहराच्या पार उत्तरेच्या टोकाला. सक्करदऱ्याहून तिथे जायला ९, आणि तिथून इतवारीत परत यायला ५. बेरीज करा: ३६ किलोमीटर.

ही रीत वाईट नाही. मिनिटभरात एक बरा क्रम हाती देते. तिची खोड एकच. सुरुवातीला ती स्वस्तातले तुकडे उचलते आणि अडचणीचा थांबा शेवटपर्यंत टाळत राहते. मग फेऱ्याच्या शेवटी एक लांबलचक तुकडा गळ्यात पडतो. त्यामुळे क्रम तयार झाला की आधी त्याची शेपटी तपासावी.

लांब तुकडा दिसला म्हणजे चूक झालीच, असंही नाही. आपल्या फेऱ्यात प्रतापनगर ते मानेवाडा हाही ७ किलोमीटरचा तुकडा आहे. पण मधे आपला एकही थांबा नाही आणि दोन्हीकडे जायचंच आहे, तेव्हा तो कुठेतरी मोजावाच लागणार. सक्करदरा ते जरीपटका या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे. सक्करदऱ्याहून इतवारी ४ आणि इतवारीहून जरीपटका ५, मिळून नेमके ९. म्हणजे गाडी आपल्याच दुकानावरून पुढे जाते, जरीपटका करते आणि तेवढंच अंतर कापून परत त्याच दुकानाशी येते. याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. लांब तुकडा आधी होऊन गेलेल्या भागातून जात असेल, तर तिथे दुरुस्तीला जागा आहे असं समजावं.

पहिली दुरुस्ती अशी: तो थांबा उचलायचा आणि दुसरीकडे बसवून बघायचा. पूर्ण फेऱ्याची बेरीज पुन्हा करायची गरज नाही, जे जोड बदलतात तेवढेच बघायचे. जरीपटका शेवटून काढला तर ९ आणि ५ असे चौदा किलोमीटर जातात आणि सक्करदरा ते इतवारी असे ४ येतात. म्हणजे १० वाचले. आता तो इतवारी आणि बर्डीच्या मधे बसवू. इतवारी ते जरीपटका ५, जरीपटका ते बर्डी ६, आणि इतवारी ते बर्डी हा ३ किलोमीटरचा जोड सुटला. पाच आणि सहा अकरा, त्यातून तीन गेले, ८ वाढले. दहा वाचले आणि आठ वाढले, तेव्हा निव्वळ फायदा २. फेरा ३६ वरून ३४ वर आला.

बरेच जण इथेच थांबतात. पण नवा क्रम जरा तोंडाने म्हणून बघा: इतवारी, जरीपटका, बर्डी, सदर, धरमपेठ. जरीपटक्याहून बर्डीला जाताना वाटेत सदर लागतं. जरीपटका ते सदर ४ आणि सदर ते बर्डी २, हे मिळूनच तर ते ६ झाले होते. आपण सदर ओलांडून बर्डीला गेलो आणि माल द्यायला पुन्हा सदरला मागे फिरलो. कागदावर रेघा काढल्यात तर त्या इथे एकमेकींवर चढलेल्या दिसतील.

याचा उपाय म्हणजे मधला तुकडा उलटवणं. फेरा दोन ठिकाणी तोडायचा, मधला भाग उलट्या क्रमाने लावायचा आणि पुन्हा जोडायचा. इथे मधला भाग आहे ‘बर्डी, सदर’, तो ‘सदर, बर्डी’ असा करू. पुन्हा फक्त दोनच जोड तपासायचे. आधी जरीपटका ते बर्डी ६ आणि सदर ते धरमपेठ ३, म्हणजे ९ होते. आता जरीपटका ते सदर ४ आणि बर्डी ते धरमपेठ ३, म्हणजे ७. आणखी २ वाचले आणि फेरा ३२ किलोमीटरवर आला. क्रम असा: इतवारी, जरीपटका, सदर, बर्डी, धरमपेठ, प्रतापनगर, मानेवाडा, सक्करदरा आणि परत इतवारी. शहराला वळसा घातल्यासारखा.

गंमत बघा, सगळ्यात जवळची बर्डी पहिल्या नंबरावरून तिसऱ्यावर गेली आणि ड्रायव्हरला पहिला तुकडा ३ ऐवजी ५ किलोमीटरचा पडला. निघताना त्याला हे पटणार नाही. बेरीज दाखवावी लागते.

थांबा उचलून बघणं आणि तुकडा उलटवून बघणं, हे दोन्ही आलटून पालटून करायचं. कशानेही किलोमीटर कमी होईनासे झाले की थांबायचं. वीस-पंचवीस थांबे असतील तर हे हाताने करणं कंटाळवाणं होतं, पण संगणकावरचे बरेच कार्यक्रम मुळात हीच अदलाबदल हजारो वेळा करत असतात. फोनवरच्या गूगल मॅप्सवर मात्र या बाबतीत विसंबू नका. तुम्ही थांबे ज्या क्रमाने टाकता त्याच क्रमाने तो रस्ता दाखवतो, क्रम स्वतः लावून देत नाही. तिथे थांबे वर-खाली ओढून एकूण किलोमीटर कसे बदलतात ते पाहता येतं, तेवढा उपयोग करून घ्यावा.

तुकडा उलटवताना एक खाचखळगा आहे. मी धरून चाललो होतो की जाताना जेवढं अंतर, तेवढंच येताना. एकेरी वाहतूक असली की हे खरं राहत नाही. बाजारातल्या दोन दुकानांमधलं अंतर जाताना दोनशे मीटर आणि येताना एक किलोमीटर असू शकतं. अशा वेळी तक्त्यात त्या जोडीसाठी दोन वेगळे आकडे लिहावे लागतात, आणि तुकडा उलटवल्यावर दोन टोकांचे जोड पाहून भागत नाही, मधले सगळे जोड नव्या दिशेने मोजावे लागतात. कागदावर वाचवलेले किलोमीटर रस्त्यावर दिसत नाहीत, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

जिथे दोन्ही दिशा सारख्या आहेत तिथे एक सोय फुकट मिळते. आपला ३२ किलोमीटरचा फेरा जरीपटक्याकडून सुरू करा की सक्करदऱ्याकडून, किलोमीटर तेवढेच. मग दिशा दुसऱ्या गरजेवर ठरवायची. मानेवाड्याच्या दुकानदाराला माल सकाळी लवकर हवा असेल तर सक्करदऱ्याकडून निघा, तो दुसऱ्याच थांब्यावर येतो. जरीपटक्याच्या तेलाच्या डब्यांचं वजन सगळ्यात जास्त असेल तर तिकडून निघा, ओझं पहिल्याच थांब्यावर उतरेल. दिशा ठरली की माल भरण्याचा क्रमही ठरला: जो आधी उतरवायचा तो शेवटी भरायचा. हे चुकलं तर धरमपेठेत पोती खाली उतरवून पुन्हा चढवावी लागतात, आणि वाचवलेले चार किलोमीटर तिथेच घामात जातात.

गाडी परत इतवारीत यायची नसेल, म्हणजे ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावरून परस्पर घरी जात असेल, तर हिशोब बदलतो. परतीचा जोड गळतो. जरीपटक्याकडून निघून सक्करदऱ्याला संपवलं तर २८ किलोमीटर होतात, उलट्या दिशेने जरीपटक्याला संपवलं तर २७. पण ड्रायव्हर मानेवाड्यात राहत असेल तर त्याच्या घराचं अंतरही तक्त्यात एक जागा म्हणून घ्या, नाहीतर कागदावर वाचवलेला तो एक किलोमीटर तो घरी जाताना कितीतरी पटींनी भरेल.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरला प्रत्येक थांब्यावर मीटरचा आकडा लिहायला सांगा. संध्याकाळी कागदावर ३२ आणि मीटरवर ३६ दिसले तर लगेच क्रम बदलू नका. आधी कोणत्या जोडात फरक पडला ते शोधा. एकाच जोडात चारही किलोमीटर सापडले तर तक्त्यातला तो आकडा चुकला आहे, किंवा त्या वाटेवरचा पूल अथवा रस्ता कामासाठी बंद आहे. तो आकडा दुरुस्त करून त्या जोडाच्या आसपासची अदलाबदल पुन्हा करून बघा. फरक सगळ्या जोडांत थोडा थोडा विखुरलेला असेल तर क्रम तसाच ठेवा, कारण मग गल्लीत शिरणं, गाडी वळवणं, उभी करायला जागा शोधणं यात ते किलोमीटर गेले आहेत, आणि ते कोणत्याही क्रमात जाणारच.